५००० सबस्क्रायबरची आभाराची पोस्ट लिहिलीय पण ती कुणाचीही वाटतीये, दुरुस्त करायला मदत करा

वाइंडरची_लेक

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी व्हिडिओ काढते आणि एडिट करते. २०२१ च्या जुलैत पूर ओसरल्यावर नदीकाठच्या बुडालेल्या मोटरी दुकानात ढिगानं आल्या आणि येईल त्याला तेच तेच सांगून पप्पांचा घसा बसला, की बाबांनो आत गाळ गेलेली मोटर धुऊन वाळवून मेगर लावल्याशिवाय चालू करू नका. म्हणून मी मोबाईलवर एक व्हिडिओ काढला, तिथनं चॅनेल सुरू झालं. आज ४९६० झालेत, आठवड्याभरात ५००० होतील असं वाटतंय. पोस्ट लिहून ठेवलीय ती अशी:

> 🙏 ५००० चा टप्पा पूर्ण! 🙏 तुमच्या प्रेमामुळे आणि आशीर्वादामुळे आज आपलं कुटुंब ५००० चं झालं. तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं. तुमच्यामुळेच आज आमच्याकडे नवीन माईक आला. असाच पाठिंबा राहू द्या. लाईक करा, शेअर करा, बेल दाबायला विसरू नका. आता लक्ष्य १०,०००!

पप्पांना वाचून दाखवली. ते स्टेटरमधनं जळकी तार ओढत होते, हात न थांबवता म्हणाले, "ह्यात मोटरीचा एक शब्द नाही गं. खाली मिठाईच्या दुकानाचं नाव घातलं तरी चालेल." आणि ते खरंच आहे. पण मग लिहायचं काय ते सुचंना. लोकांनी खूप केलंय आमच्यासाठी, ते नेमकं कसं सांगायचं?

रीलवाला_५५

मला तर चांगली वाटली ताई. केक कापतानाचा फोटो टाका, पप्पांना फेटा बांधा, रीच डबल होते. आणि शॉर्ट्स टाकत जा रोज, ४००० तास पटकन भरतात, म्हणजे पैसे चालू झाले म्हणून पण आभार मानता येतील.

कृष्णाकाठ

@रीलवाला_५५ फोटोचं बरोबर आहे, माणसाचा चेहरा असला की पोस्ट थांबून बघतात. पण शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. ते तास लांब व्हिडिओचे, मागच्या १२ महिन्यांतले. शॉर्ट्सवरनं जायचं तर वेगळी अट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. मोटर रिवाइंडिंगला ते कुठनं येणार.

@वाइंडरची_लेक मी २०१६ पासून साताऱ्यातनं गडकोटांचं चॅनेल चालवतो, अशा आभाराच्या पोस्टा स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या मिळून बऱ्याच लिहिल्यात. तुमच्या पोस्टमध्ये एकच वाक्य कामाचं आहे, "तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं." त्यातलं "हे" म्हणजे काय ते सांगा, बाकी सगळं खोडलं तरी चालेल. ५००० हा आकडा म्हणजे "हे" नव्हे. आकडा तर तुम्ही झोपल्यावरही वाढतो.

असं करा. यूट्यूब स्टुडिओत कमेंट्समध्ये जाऊन सर्च मारा: चूक, आवाज, ऐकू, परत, दाखवा, कनेक्शन. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे कुणी काय लिहिलं, उजवीकडे त्यानंतर तुमच्या चॅनेलवर किंवा दुकानात काय बदललं. उजवी बाजू कोरी राहिली की ती ओळ पोस्टमध्ये नाही, मग कमेंट कितीही गोड असो. "लय भारी दादा" च्या हजार कमेंट असतील, त्यांचे आभार ज्याला त्याला तिथंच उत्तर देऊन माना.

बागायतदार_तासगाव

मोटरवाल्या ताई, आमची ५ एचपीची मोटर कालपासनं नुसती घूं घूं करतीये, पाणी उचलत नाही, बटण दाबलं की तसाच आवाज. बागेला पाणी द्यायचंय. काय असंल?

वायरमन_मिरज

@बागायतदार_तासगाव आधी बटण दाबायचं थांबवा, आत्ताच्या आत्ता. एक फेज गेली की अशीच गुणगुणते आणि चार-पाच वेळा तसंच दाबत राहिलात तर वाइंडिंग जाणार. मेन स्विच खाली पाडून तिन्ही फ्यूज बघायला लावा वायरमनला, स्वतः हात घालू नका. मग डीपीवरचे फ्यूज.

वाइंडरची_लेक

@कृष्णाकाठ दादा, काल रात्री १ पर्यंत बसले. २३०० च्या आसपास कमेंट आहेत. उजवी बाजू भरलेल्या ओळी मोजून अकरा निघाल्या, मला वाटलेलं शंभरभर तरी निघतील. त्यातल्या तीन मोठ्या वाटल्या त्या सांगते.

पहिली, आवाज. सुरुवातीच्या व्हिडिओत लोक लिहायचे ऐकू येत नाही, मला वाटायचं मोबाईलच हलका आहे. मग एकानं लिहिलं, "ताई, ३ मिनिटं १० सेकंदापासून मागं ब्लोअर चालू होतो, तिथनं पुढं काकांचं काहीच कळत नाही." बघितलं तर खरंच, मोटर धुवून ब्लोअर लावला की मी शूटिंग सुरू करायचे. तेव्हापासनं बोलायचं शूटिंग ब्लोअर बंद करून करतो, आणि माईक नंतर घेतला.

दुसरी, स्टार-डेल्टाची. सिंगल फेजिंगनं जळालेली मोटर कशी ओळखायची ह्यावर पप्पांचा व्हिडिओ आहे, सगळ्यात जास्त बघितलेला. त्यात पप्पा झाकण काढून दाखवतात, दोन फेजच्या कॉईल काळ्या ठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या तांबूस चकचकीत, जशा भरल्या तशा. अन म्हणतात, "असं दिसलं की समजायचं एक फेज गेलेली." खाली एकानं लिहिलं, "काका, हे स्टार जोडणीला बरोबर आहे. डेल्टा असेल तर उलटं होतं, एकच फेज जळते आणि दोन चांगल्या राहतात." पप्पा दोन दिवस गप्प होते. मग जुन्या जळक्या मोटरी काढून बघितल्या आणि दुसरा व्हिडिओ केला.

तिसरी माझ्या सगळ्यात जवळची. एक जुनी मोटर आलेली, आधी कुणीतरी चुकीच्या गेजची तार भरून गेलेलं, त्यामुळं मूळचे टर्न किती, गेज काय, पिच काय, काहीच कळंना. पप्पांनी व्हिडिओत सहज म्हटलं, कुणाकडं ह्या मोटरीचा डेटा असला तर सांगा. एका निवृत्त वाइंडर काकांनी रात्री ११ वाजता तीन कमेंटमध्ये तोडून तोडून वहीतला सगळा डेटा टाईप केला. यूट्यूबच्या कमेंटमध्ये फोटो टाकता येत नाही ना, म्हणून. "स्लॉट ३६" पासून सुरुवात करून एकेक आकडा, प्रत्येक ओळीखाली "बरोबर का बघून घ्या". ती मोटर अजून चालतीये.

कृष्णाकाठ

झाली की पोस्ट! अकरा निघाल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका, एवढ्या छोट्या चॅनेलला अकरा भरपूर आहेत.

आता एकेक तपासू. माईक कुणाच्या पैशानं आला?

वाइंडरची_लेक

दुकानाच्या. चॅनेलचे पैसे अजून चालूच नाहीत, १००० कधीच झालेत पण तास कमी पडतात.

कृष्णाकाठ

मग "तुमच्यामुळेच माईक आला" हे काढा. लोकांना वाटणार आपण बघितलं त्याचे पैसे आले. उद्या कुणी विचारलं तर तुम्हाला खुलासा करत बसावं लागेल. त्यांनी दिलं ते माईकपेक्षा जास्त कामाचं आहे, दोष मोबाईलचा नसून ब्लोअरचा आहे हे त्यांनी सांगितलं. तेवढंच लिहा.

दुसरं, स्टुडिओत अॅनालिटिक्समध्ये प्रेक्षकांच्या टॅबवर सबस्क्राइब केलेले आणि न केलेले किती वेळ बघतात ते दिसतं. तुमचं काय दिसतंय?

वाइंडरची_लेक

न केलेले ८३ टक्के. मला बघून धक्का बसला.

कृष्णाकाठ

दुरुस्तीच्या चॅनेलला असंच असतं. ज्याची मोटर जळाली तो शोधत येतो, बघतो, जातो. त्याला रोज मोटर बघायची हौस नसते. तो डेटा देणारे काका किंवा डेल्टाची चूक काढणारे, ह्यांनी सबस्क्राइब केलंय का नाही तुम्हाला माहीत पण नाही. मग "आपलं ५००० चं कुटुंब" म्हटलं की ज्यांनी खरं काम केलं तेच बाहेर राहतात. "बघणारे" म्हणा, "लिहिणारे" म्हणा.

वायरमन_मिरज

स्टार-डेल्टाबद्दल मी पण बोलतो, कारण रोजचं काम आहे. कमेंट करणाऱ्याचं शंभर टक्के बरोबर. स्टारला एक फेज गेली की उरलेल्या दोन वाइंडिंग एकामागं एक लागतात, दोन्हीतनं तोच जादा करंट जातो, तिसरीतनं काहीच जात नाही म्हणून ती नवी दिसते. डेल्टाला उरलेल्या दोन लायनींच्या मधोमध एक वाइंडिंग सरळ सापडते, जास्तीचा भार तिच्यावर, बाकीच्या दोन एकमेकींच्या आधारानं वाचतात. म्हणून एकच काळी. आणि तिन्ही सारख्या काळ्या असल्या तर सिंगल फेजिंग नव्हे, ओव्हरलोड किंवा पंप जाम.

पण पोस्टमध्ये "आमचं चुकलं" एवढंच लिहू नका. कुणीतरी तेवढंच वाचणार आणि समजणार दोन फेज जळतात ते खोटं. चुकलं नव्हतं, अर्धं होतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एकच फेज जळालेली बघून कितीतरी जण म्हणतात तारच खराब होती. पुन्हा भरून घेतात आणि फ्यूज तसाच ढिला. महिन्याभरात परत तीच मोटर दुकानात.

कृष्णाकाठ

@वायरमन_मिरज हे फार नेमकं सांगितलंत. आणि त्यावरनं अजून एक. @वाइंडरची_लेक तो पहिला व्हिडिओ अजून तसाच आहे का?

वाइंडरची_लेक

हो. दुसरा केला ना, म्हणून पहिला तसाच ठेवला. त्यालाच जास्त व्ह्यूज येतात.

कृष्णाकाठ

मग आधी ते. यूट्यूबवर त्याच लिंकवर व्हिडिओ बदलून टाकता येत नाही, मधला तुकडा कापता येतो तेवढंच. कापू नका, स्टारसाठी ते खरंच आहे. वर कमेंट पिन करा: "हे स्टार जोडणीसाठी. डेल्टाला एकच फेज जळते, तो व्हिडिओ इथं", आणि लिंक. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीतही तेच. नाहीतर ज्यानं सांगितलं त्याचे आभार मानायचे आणि त्यानं सांगितलेलं मात्र अजून तिथं दिसत नाही, हे बरं दिसणार नाही. ज्या दिवशी पोस्ट टाकाल त्याच्या आधी हे झालेलं असू द्या.

भजनी_मंडळ_कोरेगाव

आमचा अनुभव सांगते, कामाचा असेल तर बघा. आमच्या भजनाच्या चॅनेलला १००० झाले तेव्हा मी पोस्टमध्ये एका बाईंचं नाव, गाव, सगळं लिहिलं, कारण त्यांनी एका जुन्या अभंगाची चाल आम्हाला फोनवर म्हणून दाखवलेली. मनापासनं लिहिलं हो. पण त्यांच्या घरी माहीतच नव्हतं की त्या असं काही करतात. घरात बोलणी बसली त्यांना. मग मी नाव काढलं पण तोवर गावभर झालेलं. तेव्हापासनं आधी विचारते, आणि पूर्ण वाक्य वाचून दाखवते, नुसतं "नाव घेऊ का" नाही. कारण नावाला हो म्हणतात आणि शेजारचं वाक्य बघून दचकतात.

रीलवाला_५५

पण कमेंट तर पब्लिकच असते ना. आणि नावं घेतली की ती माणसं शेअर करतात. चाळीस-पन्नास जणांची नावं टाका खाली, कुणी नाराज होणार नाही.

कृष्णाकाठ

शेअर करतात हे खरं आहे, मी बघितलंय. पण पन्नास नावांची यादी कुणी वाचत नाही, ज्याचं त्याचं नाव शोधून जातो, आणि एकावन्नावा मात्र लक्षात ठेवतो. कमेंट पब्लिक असली तरी ती त्या व्हिडिओखाली, त्या बोलण्यात केलेली असते. तुम्ही ती उचलून पाच हजार लोकांपुढं ठेवता तेव्हा विचारायला हवं. मी काम लिहितो, माणूस त्यानं हो म्हटलं तरच. डेटावाल्या काकांना तर विचाराच, त्यांच्या आयुष्याची वही आहे ती, दुसरे वाइंडर त्यांच्याकडं मागायला लागतील.

वाइंडरची_लेक

दोघांनाही त्यांच्या कमेंटखाली उत्तर देऊन विचारलं, भजनीताई म्हणाल्या तसं पूर्ण वाक्य लिहून. डेल्टावाल्यांचं लगेच आलं, "नाव नको, व्हिडिओ केलात तेच खूप." काकांचं अजून काही नाही. पिन कमेंट आणि डिस्क्रिप्शन केलं.

नवीन पोस्ट लिहिली:

> नमस्कार, आज आपल्या चॅनेलला ५००० सबस्क्रायबर पूर्ण झाले. २०२१ च्या पुरानंतर एका मोबाईलवर सुरू केलेला हा प्रवास तुमच्या साथीनं इथवर आला. ह्या निमित्तानं तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते सांगावंसं वाटतं. सिंगल फेजिंगच्या व्हिडिओत आम्ही अर्धीच माहिती दिली होती...

पुढं तिन्ही गोष्टी आहेत, लांब आहे म्हणून इथं टाकत नाही.

कृष्णाकाठ

मोबाईलवर पोस्ट घडी घालून दिसते, वरच्या चार-पाच ओळी आणि मग पुढं वाचायला दाबावं लागतं. तुमच्या त्या ओळींत काय आलं? नमस्कार, आकडा, प्रवास, साथ. मोटर घडीच्या आत गेली. उलटं करा. "सिंगल फेजिंगच्या व्हिडिओत" पासून सुरू करा आणि आकडा शेवटी टाका.

आणि "तुमच्या साथीनं" ला पण तोच प्रश्न विचारा, साथ म्हणजे काय केलं. पप्पांना तोंडानं सांगायला लावा आणि ते बोलतील तसं उतरवून घ्या. व्हिडिओत लोक त्यांना ऐकतात, पोस्टमध्ये अचानक दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं की कळतं.

वाइंडरची_लेक

केलं तसं. पप्पांना सांगायला लावलं, मोबाईलवर रेकॉर्ड करून उतरवलं. पण त्यांची एक हरकत आहे. म्हणतात, "अर्धं सांगितलेलं होतं हे पहिल्याच ओळीत कशाला? गिऱ्हाईक वाचतं. तीस वर्षं धंदा केलाय." मला त्यांचं पण पटतं. त्यांना वाटतं डेटावाल्या काकांचं पहिलं घ्यावं.

वायरमन_मिरज

मी गिऱ्हाईक म्हणून सांगतो, जो वाइंडर म्हणतो माझं अर्धं होतं, पुन्हा खोलून बघितलं, त्याच्याकडं मी माझी मोटर डोळे झाकून टाकीन.

भजनी_मंडळ_कोरेगाव

पण दुकान त्यांचं आहे भाऊ. त्यांना जे नको ते पहिल्या ओळीत नको. दुसऱ्या परिच्छेदात असलं तरी लिहिलेलं तर असेलच ना.

कृष्णाकाठ

माझं मत वायरमनदादांसारखं आहे, पण निर्णय पप्पांचा. फक्त काकांचा होकार आला नसेल तर त्यांना पहिल्या ओळीत आणणं धोक्याचं. नाव नसलं तरी त्या व्हिडिओखाली जाऊन कोणीही ओळखेल.

वाइंडरची_लेक

पप्पांनी रात्री विचार केला आणि सकाळी म्हणाले, घे पहिलं डेल्टाचंच, पण "अर्धं" शब्दाच्या शेजारी काय खरं ते पण लिही, अर्धवट सोडू नको. काकांचं उत्तर अजून नाही, म्हणून त्यांचा हँडल नाही, कुठली मोटर ते नाही, आकडे नाहीत. उत्तर आलं तर पोस्ट एडिट करता येते. ही शेवटची:

> मोटर खोलल्यावर दोन फेज काळ्या दिसल्या की एक फेज गेली होती असं समजा, असं आम्ही व्हिडिओत सांगितलं. ते स्टार जोडणीला खरं आहे. डेल्टाला एकच फेज जळते, हे तुमच्यातल्या एकानं खाली लिहिलं. दुकानातल्या जुन्या जळक्या मोटरी काढून बघितल्या, तसंच होतं. म्हणून दुसरा व्हिडिओ झाला. तो त्यांच्यामुळं आहे.
>
> एका मोटरीचा डेटा आमच्याकडं नव्हता. एका अनुभवी वाइंडरनी रात्री आपल्या वहीतनं एकेक आकडा टाईप करून पाठवला. ती मोटर आज पाणी देतीये.
>
> माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून कितीजणांनी सांगितलं. एकानं मिनिट आणि सेकंद लिहिला. तेव्हा कळलं की आमचा ब्लोअर चालू असतो. आता बोलताना तो बंद असतो.
>
> चॅनेलला ५००० झाले. सबस्क्राइब केलेलं असो नसो, व्हिडिओ बघताना काही अर्धं वाटलं तर असंच लिहा, मिनिट टाकून.

बेल दाबा वगैरे काढलं. शेवटचं वाक्य ठेवू का काढू ह्यावर माझं अजून ठरत नाहीये, आभार मानून परत काम सांगितल्यासारखं वाटतं.

कृष्णाकाठ

मी काढलं असतं. आभाराच्या पोस्टमध्ये काही मागू नये असं माझं मत आहे, ते दुसऱ्या दिवशी वेगळं टाका. पण तुमचं मागणं निदान लाईकचं नाही, चुका सांगायचं आहे. त्यामुळं इथं मी अडून बसणार नाही.

भजनी_मंडळ_कोरेगाव

मी ठेवलं असतं. आमच्याकडं लोक विचारतात, "आम्ही काय करू?" त्यांना हे सापडतं.

रीलवाला_५५

ताई, वाचताना मला तो ब्लोअर ऐकू आला. माझ्या चॅनेलच्या पण कमेंट बघतो आज. फेट्याचा फोटो मात्र टाकाच.

वाइंडरची_लेक

फेटा नाही, पप्पांच्या हातातल्या स्टेटरचा टाकतीये, एक फेज काळी आणि दोन तांबूस. दुसऱ्या व्हिडिओत तोच आहे.

बागायतदार_तासगाव

ताई, वायरमनभाऊ, मोटर चालू झाली. डीपीवरचा मधला फ्यूज गेलेला, तार नुसती टेकलेली होती. काल चार वेळा बटण दाबलेलं, वाचली बिचारी. तुमच्या चॅनेलचं नाव काय?

वाइंडरची_लेक

बरं झालं काका! इथं जाहिरात चालत नाही, मेसेज करते. आज ४९८७ आहेत.